रेंडर छान, पण एकच भाग बिघडलेला: मास्क केवढा घ्यायचा, डिनॉइज किती ठेवायचा

प्रश्न नेहमीचाच आहे. उत्पादनाचं रेंडर हातात आलंय, उजेड छान पडलाय, धातू धातूसारखा दिसतोय, ग्राहकालाही आवडलंय. फक्त एका ठिकाणी घोळ आहे. पंपाची नळी वाकडी, झिपचे दात एकमेकांत विरघळलेले, किंवा घड्याळाच्या पट्ट्याचं बक्कल अर्धंच. पुन्हा जनरेट केलं तर बाकीचं चांगलं चित्रही जातं, म्हणून आपण तेवढाच भाग मास्कने झाकून एआय मॉडेलकडून पुन्हा काढून घेतो, म्हणजे इनपेंट करायला घेतो. मग तासभर खेळ चालतो. डिनॉइज, म्हणजे मॉडेलने मूळ चित्र किती बदलायचं तो आकडा, कमी ठेवला तर दोष तसाच राहतो, वाढवला तर दोषाच्या जागी भलतंच काहीतरी उगवतं. मधला आकडा ठेवला की थोडा दोष उरतो आणि थोडं भलतंही येतं.

ज्यांनी ज्यांनी मला ही तक्रार सांगितली ते सगळे डिनॉइजचा स्लायडर मागेपुढे करत होते. मीही बरेच दिवस तेच केलं. पण गडबड बहुतेक वेळा मास्कमध्ये असते. मास्क चुकला असेल तर डिनॉइजचा कुठलाही आकडा बरोबर ठरत नाही. म्हणून आधी मास्कचं सांगतो.

खालचं सगळं एसडीएक्सएल हे चित्र काढणारं मॉडेल आणि ते चालवणारं ऑटोमॅटिक-1111 गृहीत धरून लिहिलंय. फोर्जमध्ये जवळपास हेच स्लायडर आहेत. कम्फीयूआयचं शेवटाकडे वेगळं लिहिलंय, कारण तिथे एक खास खड्डा आहे. आकडे एसडीएक्सएलचे आहेत. फ्लक्ससारख्या वेगळ्या घडणीच्या मॉडेलला ते जसेच्या तसे लावू नका.

उदाहरण: तांब्याची बाटली

तांब्याच्या पाण्याच्या बाटलीचं एक चित्र होतं, 2048 × 2048. मूळ 1024 वर जनरेट करून मग दुप्पट केलेलं. बाटलीचं झाकण सुमारे 300 पिक्सेल रुंद, आणि झाकणावर उचलायला एक कमानीसारखी कडी. कडी 170 रुंद, 120 उंच, तिच्या तारेची जाडी 14 पिक्सेल. कडीचा उजवा पाय झाकणात नीट रोवलेला दिसत होता. डावा पाय मात्र मेण वितळावं तसा झाकणात मिसळून गेला होता. दोषाची जागा फार तर 50 × 40 पिक्सेलची. पूर्ण चित्रात नखाएवढी, पण एकदा दिसली की नजर तिथेच जाते.

हा दोष नेमका कडीलाच का झाला, हे कळलं की पुढचं अर्धं काम होतं. हे मॉडेल पिक्सेलवर काम करत नाही. आधी व्हीएई चित्राला आठपट लहान करतो. 1024 च्या चित्राचं जाळं 128 × 128 चौकटींचं होतं, म्हणजे एक चौकट आठ पिक्सेल रुंद. आपल्या कडीची जाडी 2048 वर 14 पिक्सेल, पण चित्र जन्माला आलं तेव्हा ती 7 होती. पूर्ण एक चौकटसुद्धा नाही. एवढ्या जागेत मॉडेलला तार, तिची चकाकी, तिची सावली आणि झाकणाशी होणारा सांधा, सगळं बसवायचं होतं. ते जमणार नव्हतं. बारीक दांडे, बिजागऱ्या, टाके, स्क्रूचे आटे यांवर चूक वारंवार होते ती यामुळेच.

म्हणजे दुरुस्तीचं पहिलं काम त्या भागाला जास्त चौकटी मिळवून देणं. हे काम मास्क आणि पॅडिंग करतात. डिनॉइजचा त्याच्याशी संबंध नाही.

पहिली चूक: दोष जेवढा, तेवढाच मास्क

मी सुरुवातीला तेच केलं. वितळलेल्या पायाभोवती 60 × 50 चा ठिपका रंगवला. `Inpaint area` मध्ये `Only masked` निवडलं. पॅडिंग जे आधीपासून असतं तेच, 32. डिनॉइजही तोच, 0.75.

`Only masked` काय करतं ते नीट समजून घ्या. मास्कभोवती एक चौकोन आखला जातो, त्याला चारी बाजूंनी पॅडिंग जोडलं जातं, तेवढा तुकडा कापून तुम्ही दिलेल्या मापाला ताणला जातो, तिथे नवं चित्र काढलं जातं, आणि ते पुन्हा लहान करून मूळ जागी चिकटवलं जातं. मॉडेलला दिसतो तो फक्त हा तुकडा. बाटली, झाकण, टेबल यातलं काहीही त्याला माहीत नसतं.

माझ्या बाबतीत तुकडा झाला सुमारे 130 पिक्सेलचा, आणि तो आठपट ताणून 1024 झाला. चौकटी भरपूर मिळाल्या, पण मॉडेलला दिसलं काय? तांब्याचा एक धूसर, लालसर उतार. त्यात प्रॉम्प्ट मूळ चित्राचाच ठेवलेला, ‘संगमरवरावर ठेवलेली तांब्याची बाटली’ वगैरे. मॉडेलने इमानदारीने कडीच्या पायाशी एक चिमुकली बाटली काढून दिली. बाटलीवर बाटली.

मग डिनॉइज 0.35 केला. आधी वितळलेलं मेण होतं, आता छान पॉलिश केलेलं वितळलेलं मेण मिळालं. आकार तोच, फक्त कडा धारदार.

इथे बहुतेक जण 0.35 आणि 0.75 च्या मधला जादूचा आकडा शोधायला लागतात. तो आकडा नाही. तुकडाच इतका अरुंद आहे की त्यात बरोबर उत्तराचा पुरावा नाही. कडी कुठून येते, किती जाड आहे, उजवा पाय कसा रोवलाय, यातलं काहीही मॉडेलसमोर नाही.

दुसरी चूक: सगळंच झाकून टाकणं

वैतागून मी उलट टोकाला गेलो. कडी, झाकण आणि बाटलीचा खांदा, सगळं मास्कमध्ये घेतलं. 420 × 400, डिनॉइज 0.75. कडी सुरेख आली! पण झाकणाची खालची रेघ चार पिक्सेल वर सरकली, चकाकीचा पट्टा डावीकडचा मध्ये आला, आणि तांब्याला पितळेची झाक आली. ग्राहकाला पाठवल्यावर दहा मिनिटांत उत्तर आलं, “दादा, हे झाकण आमचं नाहीये.” बरोबरच होतं. विकायच्या वस्तूच्या चित्रात चांगलं दिसणारं झाकण चालत नाही, तेच झाकण लागतं.

मास्क कुठे संपवायचा

मग शेवटी जे जमलं ते असं. दोष जेवढा तेवढा मास्क घ्यायचा नाही. दोष ज्या सुट्या भागाचा आहे, तो भाग पूर्ण घ्यायचा. आपल्याकडे तो भाग म्हणजे कडी. डावा पाय, कमान, उजवा पाय आणि सभोवती 20-25 पिक्सेल, असा 220 × 165 चा मास्क. कमानीच्या आतली पोकळीही भरून घेतली. ती मोकळी सोडली तर कडीला हलायला जागाच उरत नाही.

उजवा पाय चांगला असूनही मास्कमध्ये घ्यायचा का, हा प्रश्न रास्त आहे. पहिल्या फेरीत घ्यावा, कारण दोन्ही पाय एकाच हाताने काढलेले असले की जुळतात. चांगला पाय नंतर मूळ चित्रातून परत आणता येतो, ते खाली येईलच.

मास्कची कड कुठे पडते याला त्याच्या मापाइतकंच महत्त्व आहे. रफू करणारा कारागीर शिवणीजवळ किंवा कापडाच्या नक्षीत टाका लपवतो, कोऱ्या कापडाच्या मधोमध नाही. तसंच इथे. जिथे आधीच रेघ आहे, दोन भाग भेटतात, पदार्थ बदलतो, तिथे मास्क संपवा. तांब्याच्या गुळगुळीत उतारावर, आणि त्यातही चकाकीच्या पट्ट्यात मास्कची कड आली तर रंगात इवलासा फरकही ठिगळासारखा उठून दिसतो. लाकूड, विणलेलं कापड, दगड यांवर तोच फरक लपून जातो. माझा मास्क खाली झाकणाच्या वरच्या गोल कंगोऱ्यापाशी संपला. तिथे उजेड-सावलीची रेघ आधीच होती.

आता पॅडिंग. 32 वरून 140 वर नेलं. 220 मध्ये दोन्हीकडचे 140 मिळवले की 500. उंची त्याहून थोडी कमी होती, पण चौकोनी मापाला जुळवायला तीही 500 होते. हा 500 चा तुकडा 1024 वर ताणला की सुमारे दुप्पट. 14 पिक्सेलची तार 28 पिक्सेलच्या वर गेली, म्हणजे जाडीत साडेतीन चौकटी. आणि 300 पिक्सेलचं झाकण त्या 500 मध्ये पूर्ण मावलं, खांद्याच्या थोड्या भागासकट. मॉडेलला बारकाव्याला जागाही मिळाली आणि आपण काय काढतोय हेही दिसलं.

मी आता दरवेळी हाच हिशेब करतो. तुकड्यात तो भाग ज्याला जोडलाय ती वस्तू ओळखू येते का? आणि ताणल्यावर सर्वांत बारीक अवयवाला तीन-चार चौकटी, म्हणजे 25-30 पिक्सेल, मिळतात का? दोन्हींना ‘हो’ असेल तर मास्क बरोबर. दोन्ही एकदम जमत नसेल, म्हणजे वस्तू फार मोठी आणि अवयव फार बारीक असेल, तर आधी पूर्ण चित्र मोठं करून घ्या किंवा काम दोन फेऱ्यांत वाटा.

प्रॉम्प्टही तुकड्याचाच द्यायचा. बाटली, संगमरवर, सकाळचा उजेड हे सगळं काढून फक्त ‘तांब्याचं झाकण, वर तारेची कमानदार कडी’ एवढंच. तुकड्यात जे दिसतंय तेवढंच प्रॉम्प्टमध्ये.

एक बारीक पण त्रासदायक गोष्ट सांगून ठेवतो. मास्क रंगवताना ब्रश चुकून दुसरीकडे टेकला आणि एक ठिपका कोपऱ्यात राहिला, तर `Only masked` चा चौकोन त्या ठिपक्यापर्यंत पसरतो. तुकडा जवळपास पूर्ण चित्राएवढा होतो, आणि कडी पुन्हा 7 पिक्सेलची. कालपर्यंत चालणारी सेटिंग आज अचानक धूसर का देतेय असं वाटलं, तर आधी तो ठिपका शोधा. मुद्दाम असे ठिपके ठेवून तुकडा हवा तिकडे वाढवणारेही आहेत, पण त्यासाठी पॅडिंगचा स्लायडर पुरतो.

`Mask blur` आणि पॅडिंग ही दोन्ही मापं मूळ चित्राच्या पिक्सेलमध्ये मोजली जातात, हेही ध्यानात असू द्या. 1024 च्या चित्रावर 4 चा ब्लर पुरतो. तोच 4096 वर म्हणजे कात्रीने कापल्यासारखी कड. कडीसाठी मी 8 ठेवला होता.

आता डिनॉइज

डिनॉइज म्हणजे मूळ चित्रावर किती नॉइज ओतून मग साफ करायला घ्यायचं. ही बाब सरळ रेषेत चालत नाही. एसडीएक्सएलच्या नेहमीच्या वेळापत्रकात 0.3 वर मूळ चित्राचा जोर अजून जास्त असतो. 0.4 च्या आसपास पारडं फिरतं. 0.5 ला नॉइज मूळ चित्राच्या दीडपटीहून जास्त झालेला असतो. 0.5 म्हणजे अर्धं-अर्धं, असं समजून बसलेल्यांची इथेच फसगत होते. शेड्यूलर बदलला, समजा `Karras` निवडला, तर त्याच आकड्याला पडणारा नॉइज थोडा वेगळा असतो. त्यामुळे दुसऱ्याच्या पोस्टमधला आकडा उचलताना त्याचा शेड्यूलरही पाहा.

आणखी महत्त्वाचं म्हणजे नॉइज सगळ्या गोष्टी सारख्या बुडवत नाही. आधी बुडतात बारीक गोष्टी, म्हणजे ओरखडे, कडा, पोत. मोठे उजेड-अंधाराचे पट्टे आणि रंगाचे ठोकळे बऱ्याच नॉइजमधूनही तगून राहतात. त्यामुळे डिनॉइज निवडण्याआधी स्वतःला विचारायचं: दोष पोताचा आहे, आकाराचा आहे, की ती वस्तूच तिथे नाही?

पोताचा दोष, म्हणजे पृष्ठभाग चिकट दिसतोय, कड धूसर आहे, टाके पुसट आहेत, पण प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी आहे: 0.25 ते 0.4. आकाराचा दोष, म्हणजे दोन गोष्टी चिकटल्या आहेत, दांडा मध्येच जाड झालाय: 0.5 ते 0.65. त्या जागी मुळात काहीच नाही किंवा पूर्ण वेगळं आहे: 0.75 च्या पुढे. पण इतक्या वर साधं चेकपॉइंट आजूबाजूशी जुळवून घेण्यात कच्चं पडतं. इनपेंटिंगसाठी खास शिकवलेलं चेकपॉइंट असेल तरच तिथे जा. त्याला मास्क आणि झाकलेलं चित्र वेगळं पुरवलेलं असतं, त्यामुळे पूर्ण डिनॉइजवरही ते भोवतालाशी इमान राखतं.

कडीचा दोष आकाराचा. मी अंदाजाने एक आकडा टाकून थांबलो नाही. `X/Y/Z plot` स्क्रिप्टमध्ये एका अक्षावर `Denoising`, दुसऱ्यावर `Seed`, चार सीड. बाकी सगळं कायम:

```
Inpaint area: Only masked
Only masked padding, pixels: 140
Mask blur: 8
Masked content: original
Width x Height: 1024 x 1024
Denoising: 0.35,0.45,0.55,0.65,0.75
```

वीस चित्रांचा तक्ता समोर आला की भांडणच मिटतं. 0.35 आणि 0.45 च्या रांगेत चारही सीडवर पाय चिकटलेलाच होता. म्हणजे सीड बदलून काही होणार नव्हतं, आकडाच अपुरा होता. 0.55 वर चारपैकी दोनांत पाय सुटला. 0.65 वर चारहीत सुटला, पण एकात तार जाड झाली आणि एकात कमान चपटी. 0.75 वर चार वेगवेगळ्या कड्या आल्या, त्यातली एकही आपली नाही.

हा तक्ता असाच वाचायचा. एका रांगेत सगळ्या सीडवर तोच दोष दिसत असेल तर डिनॉइज कमी पडतोय. प्रत्येक सीडवर वेगळाच आकार येत असेल तर जास्त झालाय. काही बरोबर, काही चूक, अशी रांग आली की तिच्या आसपास जास्त सीड चालवायचे. आणि सगळ्याच रांगांत काहीतरी वेडंवाकडं असेल, तर डिनॉइज सोडा, मास्क आणि पॅडिंगकडे परत जा.

पायऱ्यांचंही एक आहे. इथे 30 पायऱ्या दिल्या आणि डिनॉइज 0.4 असेल, तर प्रत्यक्षात सुमारे 12 च चालतात. कमी डिनॉइजच्या रांगा कच्च्या दिसल्या तर आधी पायऱ्या 50 पर्यंत नेऊन बघा, मग निकाल द्या.

`Masked content` बद्दल थोडक्यात: दुरुस्तीसाठी `original` च. `fill` आजूबाजूचे रंग फासतं, ते एखादी गोष्ट पुसून टाकायची असेल तेव्हा कामाचं. `latent noise` मध्यम डिनॉइजवर वापरलं की ठिपक्यांचा कचरा उरतो, तो आपण उगाच मॉडेलच्या माथी मारतो.

आकडा वाढवण्यापेक्षा आधी थोडं रंगवा

0.6 वर मला चालण्यासारखी कडी मिळाली. पण डावा पाय उजव्यापेक्षा दोन पिक्सेल जाड होता. डोळ्याला खुपत नव्हतं, मला खुपत होतं.

मग मी जे केलं ते खरं तर आधीच करायला हवं होतं. मूळ चित्र गिंपमध्ये उघडलं, उजवा पाय कापून आडवा उलटवला आणि डाव्या पायावर चिकटवला. कडा ओबडधोबड, पण आकार आणि जाडी शंभर टक्के बरोबर. आता मॉडेलला आकार शोधायचा नव्हता, फक्त सांधा मिसळायचा होता, म्हणजे काम पोताचं झालं. 0.4 वर चालवलं.

एक गोष्ट मात्र बिघडली. चित्रात उजेड डावीकडून वरून येत होता. उलटवलेल्या पायाची सावली चुकीच्या बाजूला पडली, आणि 0.4 ने ती सुधारली नाही. वर म्हटलं ना, उजेड-अंधाराचे मोठे पट्टे नॉइजमधून तगतात. ते इथे अंगाशी आलं. पुन्हा गिंपमध्ये जाऊन मऊ ब्रशने पायाच्या डाव्या बाजूला तांब्याचा फिकट रंग आणि उजवीकडे गडद तपकिरी फासला. अक्षरशः चार फटके. मग तेच 0.4, तोच मास्क. पहिल्याच सीडला काम झालं.

ज्याला ब्रश हातात धरायची भीती वाटते त्याला एवढंच सांगेन की इथे चित्रकला लागत नाही. मॉडेल तुमचे फटके बघत नाही, त्यातला मोठा उजेड-अंधार बघतं. भडक, खडबडीत चालेल, पण जागा आणि रंग बरोबर हवेत. जवळच्या भागातून रंग उचलायला पिपेट आहेच. असं केल्याने मला बहुतेक कामांत डिनॉइज 0.6 वरून 0.4 वर आणता येतो, आणि त्या फरकात आजूबाजूचं झाकण वाचतं.

चिकटवल्यानंतर ठिगळ दिसतंय

कडी झाली, पण तिच्याभोवतीच्या करड्या पार्श्वभूमीवर किंचित वेगळ्या छटेचा ढग दिसत होता. मास्कमध्ये पार्श्वभूमी आली होती, ती येणं भागच होतं, आणि सपाट करडा रंग कुठलाही फरक लपवत नाही. यासाठी परत इनपेंट करू नका. मूळ चित्र खाली, नवं चित्र वर, वरच्या थराला काळा लेयर मास्क. पांढऱ्या ब्रशने फक्त डावा पाय, सांधा आणि भोवतीचे दोन-तीन पिक्सेल उघडे करायचे. उजवा पाय, कमान, पार्श्वभूमी, सगळं मूळचंच परत मिळतं. म्हणून पहिल्या फेरीत मास्क सढळ हाताने घ्यायला मी घाबरत नाही. मॉडेलला मोठा मास्क द्यायचा आणि अंतिम चित्रात त्यातलं कमीत कमी घ्यायचं.

तपासायला वरच्या थराचा मोड `Difference` करा. जिथे काहीच बदललं नाही तिथे काळं दिसेल. `Levels` मध्ये उजवा बाण डावीकडे ओढला की लपलेला ढग किंवा मास्कची कड उजळून दिसते. मी हे पाठवायच्या आधी दरवेळी करतो, कारण माझ्या स्क्रीनवर न दिसलेलं ठिगळ ग्राहकाच्या फोनवर ब्राइटनेस पूर्ण असताना दिसलेलं आहे.

कम्फीयूआय वापरणाऱ्यांसाठी

मास्कच्या जागी करडा डाग येतोय ही इथली सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. बहुतेक वेळा `VAE Encode (for Inpainting)` नोड लावलेला असतो आणि `KSampler` मध्ये `denoise` 0.5 असतो. हा नोड मास्कखालचं चित्र करड्या रंगाने पुसतो, त्यामुळे त्याला 1.0 च लागतो. कमी डिनॉइजवर काम करायचं असेल तर साधा `VAE Encode` आणि पुढे `Set Latent Noise Mask` लावा.

दुसरं म्हणजे इथे मास्कबाहेरचं चित्रही व्हीएईमधून जाऊन परत येतं, आणि ऑटोमॅटिक-1111 सारखं मूळ चित्र आपोआप वर चिकटवलं जात नाही. तीन-चार फेऱ्यांनंतर पूर्ण बाटलीच किंचित मऊ झालेली दिसते, ती यामुळे. शेवटी `ImageCompositeMasked` लावून मूळ चित्रावर फक्त मास्कचा भाग बसवा, आणि पुढची फेरी त्या जोडलेल्या चित्रावर करा. तुकडा कापून मोठा करण्याचं काम इथे आपलं आपल्याला करावं लागतं किंवा त्यासाठीचे वेगळे नोड घालावे लागतात. ते न केल्यास वरचा चौकटींचा सगळा हिशेब पूर्ण चित्राच्या मापाने होतो, आणि कडी पुन्हा बारीकच राहते.

कुठे हा मार्ग सोडायचा

लोगो आणि कोरलेली अक्षरं इनपेंट करू नका. कितीही चौकटी मिळाल्या तरी मॉडेल अक्षरासारखं काहीतरी काढतं. ग्राहकाकडून लोगोची व्हेक्टर फाइल मागवा, पृष्ठभागाच्या वळणाप्रमाणे वाकवून वर ठेवा, आणि फारच चिकटवल्यासारखं वाटलं तर 0.2 च्या आसपास एक हलका हात फिरवा. त्यानंतर अक्षरं पुन्हा वाचून बघा.

रेंडर ब्लेंडरमधलं असेल आणि सीन अजून हाताशी असेल, तर हे सगळं करत बसण्यात अर्थ नाही. जाळी दुरुस्त करा, कॅमेऱ्याच्या दृश्यात `Ctrl+B` ने तेवढाच चौकोन आखा आणि तोच भाग पुन्हा रेंडर करा.

आणि एकाच वस्तूचे अनेक कोन असतील तर सावध राहा. त्याच बाटलीची बाजूची आणि वरची चित्रं नंतर आली. दोन्हींत कडी बिघडलेली. मी बाजूचं चित्र याच पद्धतीने केलं, तेही छान झालं. मग तिन्ही शेजारी ठेवली तेव्हा लक्षात आलं की समोरून कडी गोल तारेची आहे आणि बाजूने चपट्या पट्टीची. प्रत्येक चित्र एकेकटं बरोबर होतं. ग्राहकाला फोन करून खरी बाटली कुरिअरने मागवली, खिडकीशी ठेवून मोबाइलवर कडीचे तिन्ही कोनांतून फोटो काढले, आणि तेच फोटो कापून त्या-त्या चित्रात चिकटवून 0.35 वर मिसळले. तार गोल नव्हतीच. चपटीच होती.